मदत हवी आहे: सातवीसाठी गोष्ट आणि गैरसमजावरचे प्रश्न

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात सातवीच्या मुलांसाठी मी एक गोष्ट लिहितेय. मामाकडून एकटा कोल्हापूरला परतणारा मुलगा मिरज जंक्शनवर उभा आहे. समोरच्या डब्यावर पाटी दिसते: 'कोल्हापूर – मुंबई'. आपल्या गावाचं नाव पाहून तो चढतो. डब्याची पाटी दोन्ही टोकं सांगते, गाडी आत्ता कुठे निघालीय ते नाही, हे त्याला ठाऊक नसतं. जयसिंगपूरची वाट बघत खिडकीशी बसलेल्या त्याला पिवळ्या फलकावर 'सांगली' दिसतं, तेव्हा पोटात गोळा येतो.

अडचण प्रश्नांची आहे. 'मुलाची चूक काय?' असं विचारलं की मुलं पटकन लिहितात, 'पाटी नीट वाचली नाही.' पण त्याने अक्षर न् अक्षर बरोबर वाचलंय! पाटीवर नसलेली दिशा त्याने मनाने भरली. माझ्या मते गैरसमजाचं मूळ तिथे आहे, आणि मुलांनी ते स्वतः शोधावं असं फार वाटतं.

सध्या दोन प्रश्न आहेत: 'पाटीवर काय लिहिलं होतं आणि त्याने त्यात काय धरून घेतलं?' आणि 'चढण्याआधी दिशा कशावरून कळली असती?' दुसऱ्याची उत्तरं इंडिकेटर, घोषणा किंवा डब्यातले प्रवासी अशी येतील.

तिसरा प्रश्न सुचवाल का? आणि सांगलीचा फलक येण्याआधी वाचकाला शंका यावी म्हणून डब्यात कोणती खूण पेरू? सहप्रवाशाचं एखादं वाक्य चालेल, पण उत्तर फोडणारं नको.