‘व्यवस्थेची योजना’, ‘वर्ग’ आणि ‘मंजुरी’ : धनकोंच्या सभेच्या सूचनेतील शब्द

अनुवादिका, पुणे : एका कंपनीने आपल्या धनकोंशी करावयाच्या योजनेची सूचना मराठीत करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. कंपनी कायदा 2013, कलम 230 खाली मुंबईच्या राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने विनातारण धनकोंची सभा बोलावण्याचा आदेश दिला आहे. वर्तमानपत्रातील सूचनांत ‘व्यवस्थेची योजना’ असा शब्दप्रयोग सर्रास आढळतो. परंतु ‘व्यवस्था’ म्हटल्यावर वाचकाला मांडव, जेवणावळ आणि खुर्च्या आठवतात, देण्यांची फेरमांडणी आठवत नाही. ‘तडजोड योजना’ म्हणावे का? शिवाय सभेचा होकार आणि न्यायाधिकरणाचा होकार या दोहोंसाठी मसुद्यात ‘मंजुरी’ हा एकच शब्द पडला आहे, तो मला खटकतो.

निवृत्त बँक अधिकारी, नागपूर : ‘तडजोड’ हाच शब्द योग्य आहे. कंपनी शंभर रुपये देणे लागते, साठवर मिटवते, म्हणजे तडजोडच झाली. मंजुरीबद्दल फार विचार करू नये, कारण एकूण कर्जाच्या पंचाहत्तर टक्के धनकोंनी होकार दिला की योजना मंजूर होते आणि न्यायाधिकरण केवळ शिक्का मारते.

कंपनी सचिव, ठाणे : साहेबांचा पहिला मुद्दा अर्धा बरोबर आहे. कायद्याच्या मथळ्यात ‘तडजोड’ आणि ‘व्यवस्था’ हे दोन्ही शब्द आहेत आणि ते समानार्थी नाहीत. तडजोडीला आधी काही वाद किंवा वसुलीची अडचण असावी लागते. याउलट कसलाही वाद नसताना कर्जाचे भागभांडवलात रूपांतर करणे किंवा परतफेडीची मुदत लांबवणे ही व्यवस्था होते. म्हणून एकच शब्द ठेवायचा असेल तर मी ‘देणी-फेरमांडणी योजना’ असे लिहीन आणि पहिल्या उल्लेखात ‘तडजोड किंवा व्यवस्था’ ही कायद्यातील जोडी जशीच्या तशी ठेवीन.

दुसऱ्या मुद्द्याशी मात्र मी सहमत नाही. तीन चतुर्थांश ही मोजणी एकूण कर्जाची नाही, तर त्या वर्गातील ज्या धनकोंनी प्रत्यक्ष, प्रतिनिधीमार्फत किंवा टपाली मतदानाने मत दिले त्यांच्या कर्जमूल्याची आहे. एक उदाहरण घेऊ. वर्गात 50 धनको आहेत आणि त्यांचे येणे 20 कोटी आहे. मत देतात 30 जण, ज्यांचे येणे 12 कोटी. मग 9 कोटींचा होकार लागतो, 15 कोटींचा नव्हे. जे घरी बसले त्यांचे 8 कोटी या मोजणीत येतच नाहीत. साहेबांच्या मनात बहुधा तारणी धनकोंच्या कर्ज पुनर्रचनेची अट असावी. त्या प्रकारात अर्ज करतानाच मूल्याने किमान 75 टक्के तारणी धनकोंची संमती असलेली पुनर्रचना योजना उघड करावी लागते. ती वेगळी पायरी आहे.

यंत्रसुटे भाग पुरवठादार, इचलकरंजी : माझ्याकडे अशीच सूचना आली आहे. माझे येणे 4 लाख 20 हजार आहे आणि कंपनी पस्तीस टक्के तीन वर्षांत देऊ म्हणते. मी सभेला न गेल्यास माझा विरोध समजला जाईल ना? मागे एका कंपनीच्या वेळी मी पाकीट फोडलेच नव्हते, आणि नंतर माझी रक्कम आपोआप कमी झाल्याचे कळले. ‘असुरक्षित धनको’ असे नाव वाचून मला तर वाटले की माझे पैसे बुडालेच.

कंपनी सचिव, ठाणे : न जाणे म्हणजे विरोध नव्हे, तसे केल्याने आपले वजन तराजूतून उतरते, एवढेच होते. आपल्याला विरोध करायचा असेल तर विरोधाचे मत द्यावेच लागेल. मात्र हेही सांगायला हवे की आपले येणे ताज्या लेखापरीक्षित ताळेबंदातील एकूण थकीत कर्जाच्या 5 टक्क्यांपेक्षा कमी असेल, तर औपचारिक हरकतीची वाट सहसा बंद असते. उद्या न्यायाधिकरणाने मंजुरी दिली की ‘नाही’ म्हणणाऱ्यांवर आणि न आलेल्यांवरही योजना बंधनकारक होते. ताई, ‘असुरक्षित’ऐवजी ‘विनातारण’ लिहावे ही विनंती, कारण गैरसमज याच शब्दाने होतो.

वकील, मुंबई : सभा कोणाची, हा प्रश्न मतमोजणीच्या आधीचा आहे आणि ‘वर्ग’ या शब्दात तो दडलेला आहे. रकमेच्या आकारावरून वर्ग ठरत नाही; ज्यांचे हक्क इतके सारखे आहेत की ते एकत्र बसून समान हिताचा विचार करू शकतात, त्यांचा एक वर्ग. ही कसोटी इंग्लंडमधील 1892 च्या एका विमा कंपनीच्या निकालापासून आली आहे. मिहीर मफतलाल विरुद्ध मफतलाल इंडस्ट्रीज या प्रकरणात, 1996 मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने भागधारकांच्या संदर्भात हीच दृष्टी ठेवली आणि एका भागधारकाला वेगळा वर्ग मानण्यास नकार दिला.

त्याच निकालात न्यायालयाचे काम कोणते तेही सांगितले आहे. व्यापारी शहाणपण सभेच्या हाती असते, न्यायालय त्यावर अपील ऐकत नाही. पण बहुमताने प्रामाणिकपणे वर्गाचे हित पाहिले का, अल्पमताला दाबले का, पुरेशी माहिती समोर ठेवली होती का आणि योजना कायद्याविरुद्ध तर नाही, हे तपासले जाते. म्हणून ‘शिक्का मारणे’ हे वर्णन चुकीचे आहे. कंपनीच्याच संबंधित कंपन्यांनी धनको म्हणून मते देऊन आकडा गाठला असेल, तर तो आकडा खरा असूनही कौल खरा नसतो, आणि नेमके हेच न्यायाधिकरणाने विचारायला हवे.

अनुवादिका, पुणे : म्हणजे सभेसाठी ‘संमती’ आणि न्यायाधिकरणासाठी ‘मंजुरी’ असे दोन शब्द ठेवले तर सूचना वाचणाऱ्याला पायऱ्या वेगळ्या दिसतील. आता मूळ मजकुरातील एक शब्द अजून अडतो. ‘व्यक्तींचे बहुमत’ लिहावे की ‘तीन चतुर्थांश मूल्याचे बहुमत’?

कंपनी सचिव, ठाणे : दोन्ही. वरच्या उदाहरणात 30 पैकी 14 जणांकडे 9.5 कोटी असतील आणि फक्त त्यांनीच होकार दिला, तर मूल्याची अट भागते. पण डोकी मोजल्यास 16 हवीत, म्हणून संमती मिळत नाही. मी ज्या सभांत छाननीदारांसोबत बसलो, तेथे दोन्ही रकाने भरले गेले.

वकील, मुंबई : मी याबाबत इतका निश्चिंत नाही. 1956 च्या कायद्यात ‘संख्येने बहुमत’ असे स्पष्ट होते. 2013 मध्ये ‘व्यक्तींचे बहुमत’ असे झाले आणि ‘संख्येने’ हा शब्द गळला. बदल मुद्दाम केला की शब्द फक्त सैल झाला, यावर वाद घालता येतो, आणि एखादा विरोधी धनको तो घालीलही. अनुवादात ‘संख्येने’ स्वतःहून घातल्यास आपण कायद्यात नसलेला शब्द वाचकाच्या हाती देतो.

निवृत्त बँक अधिकारी, नागपूर : मत देणाऱ्यांच्या मूल्यावर मोजणी असते, हे मी चुकीचे समजत होतो. तरी माझे मत असे की ‘तडजोड’ लोकांना कळते आणि ‘फेरमांडणी’ कळत नाही.

अनुवादिका, पुणे : ‘तडजोड किंवा व्यवस्था’ ही जोडी ठेवते, ‘विनातारण धनको’ करते आणि ‘संख्येने’ घालत नाही. इचलकरंजीच्या साहेबांना एक विनंती : पाकिटात योजनेची प्रत आणि मतपत्रिका असते का ते कृपया पाहावे, आणि टपाली मतदानाचा अखेरचा दिवस कोणता छापला आहे तेही.

यंत्रसुटे भाग पुरवठादार, इचलकरंजी : पाकीट उघडले. मतपत्रिका आहे, मुदत पुढच्या मंगळवारची आहे. ‘वर्ग’ या शब्दापुढे ‘असुरक्षित व्यापारी धनको’ असे छापले आहे, म्हणजे बँकांना वेगळे बसवले आहे की आम्हालाच, हे त्यावरून मला अजून समजलेले नाही.