जनगणनेतील ‘इतर काम करणारे’ म्हणजे नेमके कोण?

मानसी (रत्नागिरी): पदवीच्या प्रकल्पासाठी दापोली तालुक्यातील किनाऱ्यावरच्या गावांत मासेमारीवर किती जण अवलंबून आहेत, हे काढायचे आहे. 2011 च्या जनगणनेचे गाववार आकडे फुकट मिळाले आणि एकही गाव वगळलेले नाही, ही मोठीच सोय आहे. मात्र त्यांत शेतकरी, शेतमजूर, घरगुती उद्योग आणि ‘इतर काम करणारे’ असे चारच रकाने आहेत. बंदराच्या गावात ‘इतर’ म्हणजे मासेमार, असा अर्थ घ्यावा का?

सुहास: मासेमारांची नोंद ‘इतर’मध्येच होते, तेव्हा खुशाल घ्यावा. 1991 मध्ये तर मासेमारीचा उल्लेख असलेला रकानाच होता. त्याच्याशी तुलना केली की वाढ-घटही कळेल.

शुभदा: आमच्या काकू पावसाआधी जवळा आणि बोंबील वाळवून विकतात. त्या कुठे मोजल्या गेल्या असतील?

विनायक: सुहासरावांचे पहिले वाक्य बरोबर आहे, पण त्यावरून निघणारा अर्थ बरोबर नाही. त्याच रकान्यात शिक्षक, दुकानदार, रिक्षावाले, गवंडी आणि नारळ-सुपारीच्या बागायतीत काम करणारेही आहेत. समजा, गावातल्या 600 काम करणाऱ्यांपैकी 400 ‘इतर’ आहेत. तर मासेमारांची नोंद 400 हून अधिक नाही, एवढेच म्हणता येते, आणि ते 350 आहेत की 40, हे हा तक्ता सांगत नाही.

1991 ची तुलना तर अधिकच फसवी आहे. तेव्हाच्या नऊ वर्गांत मासेमारी, पशुपालन, वनकाम आणि फळबागा एकाच रकान्यात होत्या. 2001 पासून फळबागा ‘शेतकरी’ या वर्गात गेल्या आणि मासेमारी ‘इतर’मध्ये गेली. म्हणजे हापूसचा बागायतदार आपल्या बागेतून न हलता एका रकान्यातून दुसऱ्यात गेला. 1991 नंतर एखाद्या गावात ‘शेतकरी’ एकाएकी वाढलेले दिसले, तर आधी व्याख्या तपासावी.

शुभदाताई, वर्षभरात सहा महिन्यांपेक्षा कमी काम असेल, तर नोंद सीमांतिक काम करणाऱ्यांत होते. पण घरच्यांनीच ‘ती घरकाम करते’ असे सांगितले असेल, तर ते कामही नोंदीतून निसटते.

शुभदा: पण ते काम घरगुती उद्योग की मासेमारी?

सुहास: मासळी घरच्याच होडीची असेल, तर मी मासेमारी म्हणेन.

विनायक: मी घरगुती उद्योग म्हणेन; प्रगणकाने काय लिहिले, हे मात्र तक्त्यातून कळणार नाही. मानसी, तू केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेची 2010 ची मत्स्यगणना शेजारी ठेव. तिच्यात मासेमार कुटुंबेच मोजलेली आहेत. मात्र तिच्यातले ‘गाव’ आणि जनगणनेतले महसुली गाव एकच आहे का, हे प्रत्येक नावापाशी पडताळून पाहा आणि जुळत नसेल तिथे दोन्ही आकडे वेगळेच दाखव.

मानसी: मग शीर्षकातील ‘मासेमारांचे प्रमाण’ काढून ‘बिगरशेती कामाचे प्रमाण’ असे करते.

विनायक: तेही सांभाळून कर. नारळ-सुपारीवाले त्यात राहतातच, आणि त्यांना बिगरशेती म्हटलेले गावात कुणाला पटणार नाही.