डिस्कशनमधल्या ‘शक्यता नाकारता येत नाही’चं काय करू?

रानजाई
कम्युनिटी मेडिसिनच्या थीसिसवरून केलेला पेपर परत आलाय. डिस्कशनवर रिव्ह्यूअरचा शेरा एवढाच, की लेखकांना नेमकं काय सापडलं तेच कळत नाही. अभ्यास असा: एका तालुक्यातल्या दोन शाळांमधल्या नववी ते अकरावीच्या २४० मुली, बोटातून रक्त घेऊन हिमोग्लोबिन मोजलं, आणि जेवणानंतर तासाभरात चहा घेता का ते विचारलं. घेणाऱ्या १३०, न घेणाऱ्या ११०. मूळ मजकूर इंग्रजीत आहे, पण त्याचं मराठी रूप साधारण असं:

‘आमच्या निष्कर्षांवरून असे सूचित होऊ शकते की जेवणासोबतच्या चहाचा हिमोग्लोबिन कमी असण्याशी काही प्रमाणात संबंध असण्याची शक्यता कदाचित नाकारता येत नाही.’

अख्खं डिस्कशन याच सुरात आहे. छाटायला घेतलं की वाटतं, आपण खोटं बोलतोय. कुठे थांबायचं?

झटपट
सगळे कदाचित उडवा. पी व्हॅल्यू किती? ०.०५ च्या खाली असेल तर सरळ लिहा, चहामुळे हिमोग्लोबिन कमी होतं. घाबरत लिहिलेला पेपर कोण वाचणार?

रानजाई
पी ०.००२ आहे. पण ‘मुळे’ लिहायला हात धजत नाही.

सांख्यिकी_अण्णा
धजू नयेच. पी व्हॅल्यू योगायोगाबद्दल बोलते, गरिबीबद्दल नाही. ज्या घरात चहा-चपाती हेच सकाळचं जेवण असतं, त्या घरात पालेभाजी आणि डाळही कमीच शिजत असणार. मग कमी हिमोग्लोबिन चहाचं की ताटाचं? पण झटपट यांचं अर्धं बरोबर आहे. तुमच्या त्या वाक्यात ‘सूचित’, ‘होऊ शकते’, ‘काही प्रमाणात’, ‘शक्यता’, ‘कदाचित’ आणि ‘नाकारता येत नाही’ अशी सहा कुंपणं आहेत, आणि त्यातलं एकही सांगत नाही की शंका कशाची आहे.

आधी दोन गोष्टी वेगळ्या करा. तुम्ही मोजलं ते एक, त्यावरून अनुमान काढलं ते दुसरं. मोजलेल्याला ‘कदाचित’ लागत नाही. मुलींचं रक्त तुम्ही तपासलंत, फरक होता की नव्हता? आकडा सांगा बघू.

रानजाई
०.६ ग्रॅम प्रति डेसीलीटर. ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल ०.२ ते १.०.

सांख्यिकी_अण्णा
मग लिहा: ‘जेवणानंतर तासाभरात चहा घेणाऱ्या मुलींचे हिमोग्लोबिन सरासरी ०.६ ने कमी होते’, पुढे इंटरव्हल. पूर्णविराम. किती अनिश्चित, ते इंटरव्हलच सांगतो, ‘काही प्रमाणात’ची गरज नाही. आणि ‘कमी होते’ लिहा, ‘कमी असते’ नको. ‘होते’ म्हटलं की विधान या २४० मुलींपुरतं राहतं, ‘असते’ म्हटलं की जगभरच्या मुलींबद्दल होतं. एवढं क्रियापदावर भागतं.

आता खरा प्रश्न. घरच्या परिस्थितीचा हिशेब धरलात का?

कोरडवाहू
मध्येच बोलतो. मी एमएस्सी ॲग्रीला सोयाबीनच्या वाणांवर काम केलं, एकच खरीप, एकच शेत, चार रेप्लिकेशन. आणि लिहिलं काय, ‘हा वाण मराठवाड्यासाठी योग्य आहे’. तोंडी परीक्षेत विचारलं, मराठवाड्यात पाऊस सगळीकडे तुमच्या शेतासारखा पडतो का? त्या धसक्याने नंतर प्रत्येक ओळीत ‘शक्यता’ घुसवली, तर गाईड म्हणाले, आता हा वाण उगवला तरी होता का ते सांगा! शेवटी ‘या शेतात, या हंगामात’ एवढे शब्द घातले आणि बाकी सगळं साफ केलं.

रानजाई
@कोरडवाहू 😄
@अण्णा, धरला आहे. रेशनकार्डाचा रंग नोंदवला होता. पिवळं, केशरी, पांढरं. तो हिशेबात घेतल्यावर फरक ०.४ होतो, इंटरव्हल ०.० ते ०.८. ते तक्ता ३ मध्ये आहे. डिस्कशनमध्ये लिहिलेलं नाही.

सांख्यिकी_अण्णा
सापडलं. ताकाला जाऊन भांडं लपवणं चाललंय. कमकुवत जागा एकच, तक्ता ३, आणि ती सांगायला नको म्हणून सगळ्या डिस्कशनवर धुकं. रिव्ह्यूअरला ते जाणवलं, फक्त बोट ठेवता आलं नाही.

तिसऱ्या तक्त्यातला आकडा पहिल्या परिच्छेदात आणा. ‘रेशनकार्डाचा रंग लक्षात घेतल्यावर फरक ०.४ राहिला. खरा फरक ०.८ इतका मोठा असला किंवा जवळजवळ नसलाच, तरी दोन्ही आमच्या आकड्यांशी जुळते.’ यात एकही कदाचित नाही आणि आधीच्यापेक्षा हे जास्त प्रामाणिक आहे.

मु_पो_वाई
हे सगळं शेवटी लिमिटेशन्सच्या परिच्छेदात टाकतात ना? आमच्या डिपार्टमेंटला तयार परिच्छेद आहे: नमुना लहान, क्रॉस-सेक्शनल, एकच तालुका, रिकॉल बायस. नाव बदलून सगळे तोच लावतात.

सांख्यिकी_अण्णा
म्हणूनच तो कोणी वाचत नाही. निरीक्षणात्मक अभ्यास कसे लिहावेत याची स्ट्रोब नावाची मार्गदर्शिका आहे, तिच्या २२ मुद्द्यांत १९ वा लिमिटेशन्सचा आहे आणि त्यात नुसती यादी मागितलेली नाही. चूक कोणत्या दिशेने ओढते आणि किती, ते लिहायला सांगितलंय.

रानजाईंचंच घ्या. बोट दाबून दाबून थेंब काढला तर पेशींच्या आजूबाजूचं पाणी मिसळतं आणि आकडा कमी येतो. हे दोन्ही गटांत सारखंच घडलं असेल तर मुलींमध्ये ॲनिमिया किती, हा आकडा फुगतो, पण चहाच्या फरकाला फारसा धक्का लागत नाही. म्हणजे ही मर्यादा ॲनिमियाच्या वाक्याशेजारी हवी, चहाच्या नाही. चहाचा वेळ मुलींनी अंदाजाने सांगितला असेल तर गट एकमेकांत मिसळतात आणि फरक साधारणपणे असतो त्यापेक्षा लहान दिसतो. रेशनकार्डाचा रंग मात्र गरिबीचं ढोबळ माप आहे. केशरी कार्डात काय काय घरं असतात ते तुम्ही बघितलंच असेल. जी गरिबी हिशेबात आली नाही ती चहाच्या नावावर जमा होते, म्हणजे फरक असतो त्यापेक्षा मोठा दिसतो.

झटपट
मग एक वर ओढतं, एक खाली. बेरीज काय?

सांख्यिकी_अण्णा
या आकड्यांवरून सांगता येत नाही. तसंच लिहायचं.

रानजाई
एका शाळेत थंडीमुळे बोटं गार होती आणि खूप दाबावं लागलं होतं. त्याच शाळेत चहावाल्या मुली जास्त आहेत.

सांख्यिकी_अण्णा
अरे बापरे. मग वर ‘दोन्ही गटांत सारखंच’ म्हणालो ते मागे घेतो. शाळानिहाय वेगळं गणित करून बघा, लिहायचं त्यानंतर.

रानजाई
(दोन दिवसांनी) शाळानिहाय केलं. दोन्ही शाळांत चहावाल्या मुलींचं कमीच आहे, इंटरव्हल अर्थात रुंद झाले. आता परिच्छेद असा:

‘जेवणानंतर तासाभरात चहा घेणाऱ्या मुलींचे हिमोग्लोबिन ०.६ ने कमी होते (०.२ ते १.०), रेशनकार्डाचा रंग लक्षात घेतल्यावर ०.४ ने (०.० ते ०.८). चहातील टॅनिन वनस्पतिजन्य लोहाचे शोषण घटवतात, त्याच्याशी हे सुसंगत आहे. मात्र आहाराची नोंद आम्ही घेतली नाही. चहा घेणाऱ्या घरांत लोहयुक्त अन्नच कमी असल्यास हाच फरक चहाविनाही दिसला असता.’

गाईडनी वाचलं आणि ‘सुसंगत आहे’च्या जागी ‘सुसंगत असू शकते’ केलंय.

कोरडवाहू
सुसंगत असणं नसणं तर समोर दिसतंय, त्यात ‘असू शकते’ कशाला?

सांख्यिकी_अण्णा
मीही काढलं असतं. पण गाईडशी एका शब्दावरून भांडायचं असेल तर या नको, शीर्षकावरून भांडा. शीर्षक काय आहे?

रानजाई
‘किशोरवयीन मुलींच्या हिमोग्लोबिनवर चहाचा परिणाम’.

झटपट
‘परिणाम’! आणि माझ्या ‘मुळे’ला नावं ठेवत होतात.