अज्ञान नॉमिनीच्या वतीने विमा दाव्याचे पत्र

> "भाचीच्या वडिलांच्या पॉलिसीत तीच नॉमिनी आहे, ती अज्ञान आहे आणि आईही हयात नाही. पालक म्हणून मी पत्रात काय लिहावे, काय जोडावे?"

प्रथम पॉलिसीत अपॉइंटी म्हणून कोणाचे नाव आहे का, ते पाहा. असल्यास नॉमिनी अज्ञान असेपर्यंत रक्कम स्वीकारण्याचा अधिकार सहसा त्या व्यक्तीचा असतो आणि पत्र तिनेच द्यावे. तसे नाव नसेल, तर आई-वडील नसलेल्या मुलीचा मामा केवळ नात्याने तिच्या मालमत्तेचा पालक ठरत नाही, म्हणून न्यायालयाच्या पालकत्व आदेशाची प्रमाणित प्रत लागेल. आदेश फक्त ताब्याचा व संगोपनाचा आहे की मालमत्तेचाही, हे नीट वाचा. माझ्या मते दावा बहुधा इथेच अडतो.

पत्रात "मी, कुमारी अमुक हिचा न्यायालयनियुक्त पालक, तिच्या वतीने व तिच्या हितासाठी हा दावा करीत आहे" असे स्पष्ट लिहून पॉलिसी क्रमांक, मृत्यूची तारीख, मुलीची जन्मतारीख आणि आदेशाचा क्रमांक व दिनांक द्या. सोबत मूळ पॉलिसी, वडिलांचा मृत्यू दाखला, मुलीचा जन्म दाखला, आईचा मृत्यू दाखला, तुमचे ओळखपत्र व पत्त्याचा पुरावा जोडा, आणि रक्कम शक्यतो मुलीच्या नावाच्या, तुम्ही पालक म्हणून चालवीत असलेल्या खात्यात मागा. जन्म दाखल्यावरील नाव पॉलिसीतील नावाशी जुळत नसेल, तर दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र आधीच जोडावे. रक्कम मिळण्यापूर्वी ती सज्ञान झाली, तर दाव्यावर तिचीच सही लागेल.