मदत हवी आहे: ड्रेस घरीच अल्टर करायचा आहे, कसा करू?

मुक्ता_फोंडा
नमस्कार. माझा एक ड्रेस आहे, तो नीट बसत नाही. चवथीला घालायचा आहे. इथल्या टेलरांनी नव्या ऑर्डरी घेणं बंद केलंय आणि अल्टरच्या कामाला तर कुणी हातच लावत नाही. घरी मशीन आहे, सरळ शिलाई येते. कसा अल्टर करू ते सांगाल का? जरा लवकर सांगा प्लीज.

म्हापशेकार
सोपं आहे. उलटा करून अंगात घाल, दोन्ही बाजूंनी टाचण्या लाव आणि शिलाई मार. चार इंच ढिला असेल तर या बाजूने दोन, त्या बाजूने दोन. अर्ध्या तासाचं काम.

सुईदोरा
थांब मुक्ता, यातलं काही करू नकोस. म्हापशेकार, टाचण्यांचं बरोबर, पण हिशेब चुकला. बाजूच्या शिलाईत पुढचा आणि मागचा असे दोन थर असतात आणि बाजू दोन. शिलाई एक इंच आत सरकवली तर घेर चार इंच कमी होतो. चार इंच ढिला कपडा दोन्हीकडे दोन-दोन इंच घेतला तर आठ इंच जातील आणि तो अंगात शिरणारच नाही.

आणि तो ढिला आहे असं तिने म्हटलंय कुठे? "नीट बसत नाही" एवढंच लिहिलंय. घट्ट असेल तर काम अगदीच वेगळं. मुक्ता, एवढं सांग: कुर्ता, गाऊन की चुडीदारचा टॉप? कापड कुठलं? अस्तर आहे का? गळा कसा, बाही कुठवर? आणि मुख्य म्हणजे आरशात बघून कुठे खटकतं ते.

डिचोलीकर_वहिनी
माझाही हाच प्रश्न आहे. काठपदराच्या साडीवरचा ब्लाउज काखेत घट्ट झालाय, हात वर केला की कच्च करतो. आत दाब आहे पण जुनी शिलाई उसवली तर तिथे रेघ दिसेल का?

मुक्ता_फोंडा
कुर्ता आहे, सरळ, बाजूला कट असलेला. रेडिमेड, एल साइज. कापड कॉटनसारखं पण जरा लोंबतं. ढिलाच आहे हो, पोतं घातल्यासारखी दिसते.

म्हापशेकार
कापडाचा धागा जाळून बघ. प्लास्टिकसारखा गोळा झाला तर पॉलिस्टर, राख झाली तर कॉटन.

सुईदोरा
पॉलिस्टर त्याने कळतं, पण इथे उपयोग नाही. रेयॉनही कागदासारखं जळतं आणि राखच होते. "कॉटनसारखं पण लोंबतं" म्हणजे मला रेयॉनचाच संशय आहे. आतल्या दाबातून दोन-तीन धागे ओढून काढ, ओले कर आणि ताण. कोरडा असताना टिकणारा धागा ओला झाल्यावर चटकन तुटला तर रेयॉन. कॉटन ओलं झालं म्हणून कमजोर होत नाही.

हे कळणं गरजेचं आहे, कारण रेयॉन पहिल्या एक-दोन धुण्यांत आटतं. न धुतलेला कुर्ता आज मापात बसवलास तर महिन्याभरात घट्ट होईल. धुऊन झाल्यावर या पावसात दोरीवर उभा टांगू नकोस, ओल्या कापडाच्या वजनाने लांबी ओढली जाते. दांडीवर मधोमध दुमडून टाक, पूर्ण सुकल्यावर इस्त्री कर आणि मगच माप घे. दमट कपड्याचं माप खोटं येतं.

मापं अशी: कुर्ता टेबलावर सपाट पसरून खांद्याच्या टोकापासून टोकापर्यंत, मग काखेखाली छाती, कमर आणि कटाच्या वर हिप. तीच मापं अंगावरची. शिवाय एका खांद्याची लांबी, मानेपासून हाडाच्या टोकापर्यंत, कुर्त्याची वेगळी आणि तुझी वेगळी.

मुक्ता_फोंडा
धागा ओला केल्यावर लगेच तुटला. कुर्ता दोनदा धुतलेला आहे. अस्तर नाही. चायनीज कॉलर, पाऊण बाही.
कुर्ता: खांदा साडेपंधरा, छाती २०, कमर १९, हिप २१ (सपाट). एक खांदा साडेपाच.
मी: खांदा १४, छाती ३६, कमर ३१, हिप ३९. एक खांदा पावणेपाच.

सुईदोरा
आता बोलू. सपाट मापाची दुप्पट कर. छाती ४०, तुझी ३६. विणीच्या कापडाच्या, ताण नसलेल्या कुर्त्याला छातीत तीन-चार इंच मोकळीक लागतेच, नाहीतर बसताना आणि हात पुढे करताना ओढतो. म्हणजे छातीत तो ढिला नाहीच. हिप ४२ आणि तुझी ३९, तिथे तर हातही लावू नकोस. कमरेत सात इंच जास्त आहे, तिथून थोडं घेता येईल.

पोत्यासारखा दिसतो तो खांद्यामुळे. खांद्याची शिलाई दोन्हीकडे पाऊण इंच दंडावर उतरलेली आहे. त्यामुळे बाही खाली सुरू होते, काखेजवळ सुरकुत्यांचा झोळ येतो आणि तो बघून आपल्याला छाती ढिली वाटते. बाजू कितीही आत घेतल्यास तरी हा झोळ जाणार नाही, उलट मुंढा लहान होऊन हात अडकेल.

एका खांद्याचं माप म्हणूनच मागितलं. कुर्त्याचा खांदा तुझ्यापेक्षा पाऊण इंच लांब निघाला, म्हणून दोष खांद्याचाच. ते माप जुळलं असतं तर गळा रुंद असल्यामुळे खांदा घसरतोय असा अर्थ झाला असता, आणि तेव्हा खांदा कापणं म्हणजे कुर्ता वाया घालवणं.

पूर्ण बाही काढायची गरज नाही. खांद्याच्या शिलाईपासून पुढे चार इंच आणि मागे चार इंच एवढीच बाही उसव, काखेतली शिलाई राहू दे. रिपर आतल्या बाजूने चालव, प्रत्येक तिसरा-चौथा टाका तोड आणि दोरा ओढून काढ. रेयॉनमध्ये जोराने फाडून उसवलं की धागे सरकून जाळी पडते.

मग अंगाच्या भागावर खडूने खूण कर. खांद्याच्या टोकाशी कापलेल्या काठापासून पाऊण इंच आत, तिथून गोलाई कमी करत उसवलेल्या टोकाशी शून्य. बाही कापायची नाही. पुढची गोलाई किंचित खोल चालते, मागची मात्र उथळ ठेव आणि लवकर काठाला मिळव. हात पुढे करताना पाठीला कापड लागतं. मागून जास्त कापलं की मुंढ्याची शिलाई तिथेच फाटते.

कापण्याआधी नव्या शिलाईच्या जागी एक सरळ टीप मार. मुंढ्याचा काठ तिरक्या धाग्यावर असतो आणि रेयॉन तिथे हातात घेताच ताणतं. सुई ११ नंबरची, टाका दोन ते अडीच.

पेडण्याची_शिवणकलावाली
सुईदोराताई, नवशिकीला एवढी उसवाउसव कशाला? खांद्यावर मुंढ्याला समांतर एक प्लेट घाला. पाव इंचाहून थोडी जास्त खोल घेतली की पाऊण इंच जातो. पुढे-मागे तीन-साडेतीन इंच शिवून सोडून द्यायची. कापायला नको, आवडली नाही तर उसवा.

सुईदोरा
चांगला उपाय, आणि चवथ जवळ आली असेल तर हाच आधी करून बघावा. पण कापडावर मोठं नक्षीचं छापकाम असेल तर प्लेटवर फूल अर्धं कापलेलं दिसतं. आणि दोन्ही खांद्यांच्या प्लेटा एका रेषेत हव्यात, पाव इंचाचा फरकही लगेच नजरेत येतो. मी कापेन, तू प्लेट घालशील, यात चूक कुणाचीच नाही.

मुक्ता_फोंडा
छापकाम मोठं आहे, कमळं. बाही थोडी उसवली, कापलं, आता कच्चा दोरा घालून जोडायला बघतेय तर बाही मुंढ्याला पुरत नाही. अर्धा इंच कमी पडतेय!

सुईदोरा
पडणारच, पहिल्या उत्तरात लिहायला हवं होतं. खांद्याचं टोक आत गेलं की उताराप्रमाणे ते वरही जातं, म्हणून मुंढ्याचा घेर सुमारे अर्धा इंच वाढतो. कापड ताणून बसवू नकोस. खांद्याची शिलाई टोकाशी पाव इंच जास्त घे आणि कॉलरकडे जाता जाता शून्यावर आण. पुढचा पाव आणि मागचा पाव मिळून अर्धा इंच गेला. तुझे खांदे उतरते असतील तर हे उलट चांगलंच बसेल. ताठ असतील तर खांद्यावर ओढ जाणवेल. मग हे उसव आणि काखेत शिलाई थोडी वर घेऊन तो अर्धा इंच तिथे जिरव.

बाही आता तेवढीच वर सरकेल, म्हणजे हातावर पाऊण इंच आखूड होईल. खालच्या दुमडीत कापड आहे का बघ.

म्हापशेकार
आणि कमरेचं? ते मी सांगितलं होतं ना, टाचण्या.

सुईदोरा
हो, तिथे तुमच्या टाचण्या. कमरेत दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा इंच, म्हणजे ३८ चे ३६ होतील. काखेत शून्य, कमरेत अर्धा, कटाच्या दोन इंच वर परत शून्य. पण हे खांदा बसल्यावर. आधी केलंत तर कमरेची खूणच चुकीच्या जागी पडते, कारण खांदा वर गेला की सगळा कुर्ता वर चढतो.

मुक्ता_फोंडा
कच्चा दोरा घालून घालून बघितला. समोरून छान. पण उजव्या बाहीला मागे एक तिरकी सुरकुती येते, डाव्या बाहीला नाही.

पेडण्याची_शिवणकलावाली
उजवा खांदा थोडा खाली असतो बऱ्याच जणींचा.

सुईदोरा
असेलही, किंवा बाहीचा मध्य खांद्याच्या शिलाईवर बसला नसेल. फक्त उजवी बाही वरून सोड, मध्य पाव इंच मागे सरकवून परत टाच. सुरकुती गेली तर बाहीचा दोष. तशीच राहिली तर दोन्ही खांद्यांची उंची जमिनीपासून मोजून इथे लिही.

डिचोलीकर_वहिनी
आणि माझ्या ब्लाउजचं काय?

सुईदोरा
वहिनी, सिल्क असेल तर सुईची भोकं बहुधा राहतात आणि दाबातला रंगही बाहेरच्यापेक्षा गडद निघतो. काखेत असल्यामुळे दिसत नाही म्हणून चालून जातं, पण आधी दाबात एक इंच उसवून उजेडात बघा. कापड कुठलं, दाब किती, ते लिहा.