सोसायटी ग्रुप: 'ऑफलाइन' गेम आणि शुक्रवारची सावंतवाडी एसटी

वैशाली (बी-304), रात्री 9:12
नमस्कार. शुक्रवारी सकाळच्या स्वारगेट-सावंतवाडी गाडीने निघतोय, मी आणि ईशान. मे महिन्यातला तमाशा काहींना ठाऊक आहेच. नेटशिवाय चालणारे, सहा वर्षांच्या मुलाला झेपणारे गेम कोणी सुचवेल का? प्लीज, 'खेळूनच बघितलेत' असेच सांगा. मागच्या वेळी इथल्याच सल्ल्याने फसले.

मंदार (बी-201)
'इथल्याच' म्हणजे मीच ना. नाव घेतलं तरी चालेल 😄

वैशाली (बी-304)
नाव मुद्दाम घेतलं नाही, मंदार. गेमवर 'ऑफलाइन' लिहिलं होतं. आजऱ्यापर्यंत बरा चालला. मग तीन जीव संपले, 'व्हिडिओ पाहा आणि जीव मिळवा' असं आलं आणि रेंज गेलेली. ते चक्र नुसतं फिरत राहिलं आणि ईशानचा भोंगा अख्ख्या गाडीने ऐकला. कंडक्टरने शेवटी शेंगदाणे दिले त्याला. वर घरी आल्यावर कळलं की 450 रुपयांची नाणी विकत घेतली गेलीत.

खरे काका (ए-101)
मुलांच्या हातात मोबाईल देऊच नये. आम्ही खिडकीतून गाड्यांचे नंबर बघत सातारा गाठायचो.

पाटील काकू (ए-203)
काका, तेव्हा खिडकी उघडायची. आता शिवशाहीची काच सील असते.

वैशाली (बी-304)
काकू, ही साधी लालपरी आहे. खिडकी उघडते. ईशानचं डोकं बाहेर जातं, तो प्रॉब्लेम वेगळा.

निखिल (सी-502)
वैशाली ताई, मी आधी गेम बनवणाऱ्यांकडेच होतो, म्हणून थोडं लांबण लावतो. 'ऑफलाइन' या शब्दाला काही अर्थ नाही. गेम नेटशिवाय उघडतो एवढंच खरं असतं. तीन जीव संपल्यावर पुढचा जीव जाहिरात बघूनच मिळत असेल, तर तो गेम जाहिरातींवर चालतो. नेट गेलं की तिथेच अडकणार. काही गेम तर नेट नसेल तर मुद्दाम उघडतच नाहीत, कारण जाहिरात दिसली नाही की त्यांचे पैसे बुडतात.

मंदार (बी-201)
पण मी फ्लाइट मोड लावून बघितला होता रे. चालला. उलट एक जाहिरातसुद्धा दिसली.

निखिल (सी-502)
तिथेच गोम आहे. नेट असतानाच पुढच्या एक-दोन जाहिराती फोनमध्ये उतरवून ठेवतात. त्या फ्लाइट मोडमध्येही दिसतात, जीवही मिळतो, आणि आपल्याला वाटतं सगळं झकास. साठा संपला की खरा गेम कळतो. किती वेळ बघितलास?

मंदार (बी-201)
दोन मिनिटं असतील.

निखिल (सी-502)
दोन मिनिटांत काही कळत नाही. घरी वायफायवर एकदा गेम पूर्ण उघडायचा. बरेच गेम पुढच्या लेव्हल आणि आवाज पहिल्यांदा उघडल्यावरच उतरवतात, नुसतं इन्स्टॉल करून भागत नाही. मग फ्लाइट मोड लावून वायफाय बंद झालंय का ते बघायचं, कारण काही फोनवर ते चालूच राहतं. गेम अलीकडच्या अॅपच्या यादीतून वर सरकवून पूर्ण बंद करायचा आणि परत उघडायचा. त्यानंतर वीस मिनिटं खेळायचं, तेही मुद्दाम हरत. जीव संपले पाहिजेत, हिंट वापरून संपवल्या पाहिजेत. तेव्हा गेम काय मागतो ते बघा. 'थोडं थांब' म्हणाला किंवा परत पहिल्यापासून सुरू झाला तर चालेल. व्हिडिओ मागून चक्र फिरवत बसला तर काढून टाका.

खरे काका (ए-101)
मुलांच्या हातात मोबाईल देऊच नये. गाड्यांचे नंबर बघायला शिकवा.

शिंदे सेक्रेटरी (सी-101)
नंबरवरून आठवलं. MH 14 पासिंगची पांढरी गाडी परत बी विंगच्या पाहुण्यांच्या जागेत उभी आहे. मालकाने लक्ष द्यावे.

मंदार (बी-201)
शिंदेसाहेब, ती माझ्या मेहुण्याची आहे आणि मेहुणा पाहुणाच असतो.

शिंदे सेक्रेटरी (सी-101)
अकरा दिवसांचा पाहुणा? 🙏

वैशाली (बी-304)
गाडीचं उद्या बघा ना, प्लीज. निखिल, 450 रुपये कसे गेले ते मला अजून कळलेलं नाही. कार्डाला ओटीपी येतो, यूपीआयला पिन लागतो. ईशानला दोन्ही माहीत नाही.

निखिल (सी-502)
प्ले स्टोअरमध्ये बॅलन्स होता का? गिफ्ट कोड वगैरे?

वैशाली (बी-304)
हो! ऑफिसच्या दिवाळीत 500 चा कोड मिळालेला.

निखिल (सी-502)
त्याला बँकेचा ओटीपी नाही की पिन नाही. गुगल स्वतः जी पडताळणी मागतं तेवढीच. आता एक सांगा, फोनमध्ये ईशानचं बोट नोंदवलंय का?

वैशाली (बी-304)
...हो. कार्टून लावायला दर वेळी मला उठवायचा, म्हणून त्याचा अंगठा टाकला.

पाटील काकू (ए-203)
अगं बाई! तिजोरीची किल्लीच दिलीस की त्याला.

निखिल (सी-502)
फोनमध्ये नोंदवलेलं कुठलंही बोट खरेदीलाही चालतं. फोन उघडायला अंगठा, नाणी घ्यायलाही तोच अंगठा. त्याच्या दृष्टीने त्याने काहीच चोरलेलं नाही. प्ले स्टोअरमध्ये आपल्या फोटोवर दाबा, Settings मध्ये Purchase verification सापडेल. तिथे दर खरेदीला पडताळणी ठेवा आणि बोटाने मंजुरीचा पर्याय बंद करा, म्हणजे पासवर्ड मागेल. ईशानचा अंगठाही काढून टाका. आणि बॅलन्स फोनमध्ये नसतो, खात्यात असतो. घरातल्या जुन्या, सिम नसलेल्या फोनवर तेच खातं असेल तर तिथूनही खर्च होतो.

वैशाली (बी-304)
तो जुना फोनच नेणार होते! बरं झालं विचारलं. ते 450 परत मिळतील का आता?

निखिल (सी-502)
मे महिन्यातले अवघड आहेत. गुगलकडे परताव्याची सोपी मागणी 48 तासांत करायची असते. त्यानंतर गेम बनवणाऱ्याला लिहा, दिले तर दिले.

मंदार (बी-201)
माझंही ऐका मग. तीन दिवस फ्री म्हणून मुलीच्या रंगवायच्या अॅपला मीच यूपीआय पिन टाकला. अॅप आवडलं नाही, उडवलं. दर आठवड्याला 299 जात राहिले. तिसऱ्या वेळी बायकोने पासबुक दाखवलं.

पाटील काकू (ए-203)
अॅप उडवल्यावर कसे गेले?

मंदार (बी-201)
उडवलं तरी वर्गणी चालूच राहते काकू. ती प्ले स्टोअरमध्ये Payments & subscriptions मध्ये जाऊन वेगळी रद्द करायची. पहिल्यांदा पिन टाकला की तो ऑटोपेचा हुकूम होतो, पुढच्या 299 ला पिन विचारत नाही. पैसे कापायच्या आदल्या दिवशी बँकेचा मेसेज यायचा, मी जाहिरात समजून पुसत होतो.

शिंदे सेक्रेटरी (सी-101)
मेंटेनन्सचेही मेसेज असेच पुसता का? दोन महिने बाकी आहे.

मंदार (बी-201)
साहेब, हा ग्रुप आहे. पर्सनलवर बोलू.

वैशाली (बी-304)
🙏 निखिल, गेम घ्यायच्या आधीच हे सगळं कुठे दिसतं?

निखिल (सी-502)
नावाखाली बारीक अक्षरात Contains ads आणि In-app purchases लिहिलेलं असतं. दोन्ही नसेल तर उत्तम. दुसरं असेल तर 'About this app' उघडून तळाशी जा, तिथे किमतीचा पट्टा असतो. एकच आकडा असेल, समजा 190, तर बहुतेक वेळा ती पूर्ण गेम उघडायची किंवा जाहिराती काढायची एकदाची किंमत असते. 10 पासून 9,900 पर्यंत पट्टा दिसला की समजा आत नाण्यांच्या पिशव्या आहेत. अख्खा गेम त्या विकायलाच बांधलेला असतो. लहान मुलाला मी तो देत नाही, फुकट असला तरी.

निखिल (सी-502)
आणि 'जाहिराती काढा' विकत घेतलं की मध्येच येणाऱ्या जातात, पण 'व्हिडिओ बघून जीव घ्या' हे बटण बऱ्याचदा राहतं. घ्यायचंच तर घरी घ्या आणि परत ती वीस मिनिटांची परीक्षा करा.

खरे काका (ए-101)
मुलांच्या हातात मोबाईल देऊच

खरे काका (ए-101)
चुकून अर्धाच गेला. मुलांच्या हातात मोबाईल देऊच नये.

पाटील काकू (ए-203)
पूर्ण गेला काका, तिसऱ्यांदा 😄 निखिल, नावं सांग आता, नाहीतर शुक्रवार उजाडेल.

निखिल (सी-502)
GCompris. फुकट, जाहिरात नाही, विकत काही नाही. शंभरावर छोटे खेळ आहेत, सहा वर्षांना नेमके. फक्त आवाजांची फाईल पहिल्यांदा नेटवरून उतरवावी लागते, तेवढं घरी करा, नाहीतर मुका चालेल. दुसरं, Simon Tatham's Puzzles. तेही फुकट आणि पूर्ण ऑफलाइन. दिसायला अगदी रुक्ष, ईशानला त्यातले दोन-तीनच जमतील. तुम्ही मात्र फोन खाली ठेवणार नाही.

मंदार (बी-201)
आणि क्रोममधला तो उड्या मारणारा डायनासोर! नेट नसलं की फुकट.

निखिल (सी-502)
हसू नकोस, तो खरंच परीक्षेत पास होतो. chrome://dino टाकलं की नेट असतानाही उघडतो.

पाटील काकू (ए-203)
मोबाईल आंबोली घाटात मात्र देऊ नकोस गं. आमच्या नातीला तिथेच उलटी झाली. मान खाली, डोळे स्थिर पडद्यावर आणि गाडी वळणं घेतेय, पोट ढवळणारच. आजऱ्याच्या पुढे फोन पिशवीत.

वैशाली (बी-304)
अरे हो. मागच्या वेळी रडण्यानंतरचा भाग मी सांगितलाच नव्हता. मग आजरा ते सावंतवाडी काय करायचं त्याचं?

खरे काका (ए-101)
तेच तर सकाळपासून सांगतोय.

पाटील काकू (ए-203)
काका, चर्चा रात्री नऊला सुरू झाली.

खरे काका (ए-101)
नंबर प्लेट. MH 12 पुणे, 11 सातारा, 50 कऱ्हाड, 10 सांगली, 09 कोल्हापूर, 07 तुमचं सिंधुदुर्ग. वहीत आधी लिहून न्या. दिसेल तशी खूण करायची. GA दिसली की दोन गुण, कर्नाटकची KA 22 दिसली की बेळगाव म्हणून ओरडायचं. घाटात मान वर राहते आणि नजर लांब जाते. माझ्या मुलाला बस लागायची, म्हणून तर हा खेळ काढला होता.

वैशाली (बी-304)
काका, हे आधीच सांगायचं ना! ही यादी वहीत उतरवते.

खरे काका (ए-101)
गाड्यांच्या नंबरचं दोनदा टाकलं.

शिंदे सेक्रेटरी (सी-101)
या यादीत MH 14 पण घ्या. बी विंगमध्ये कधीही बघायला मिळेल.

वैशाली (बी-304), गुरुवार दुपारी 4:40
अंगठा काढला. पासवर्ड ठेवला. पाच गेमची परीक्षा घेतली, मुद्दाम हरत. तीन बाद. मंदार, त्यातला एक तुझा आहे. GCompris चे आवाज उतरलेत. जुना फोन चार्जिंगला लावलाय, तो दोन तासांच्या वर टिकत नाही, म्हणजे साताऱ्याच्या पुढे वहीच.

मंदार (बी-201)
मेहुण्याची गाडी काढली साहेब. सावंतवाडीलाच चाललाय उद्या. ताई, सोडू का तुम्हाला?

वैशाली (बी-304)
त्यात टॅब आहे का?

मंदार (बी-201)
मागच्या सीटला दोन.

वैशाली (बी-304)
मग नको. एसटीच बरी.