डाय ओघळतो त्यावर

"डाय लावून जरा वेळ झाला की कपाळावर, कानामागे ओघळ येतात. क्रीम लावते, कापूसही लावते, तरी डाग पडतातच."

ताई, कापूस एकदा लावून शेवटपर्यंत तसाच ठेवत असाल तर डाग तिथूनच पडतात. भिजलेली पट्टी डाय कातडीला चिकटवूनच ठेवते. आपल्या बेळगावच्या एप्रिल-मेमध्ये तर घामानं ती लवकर भिजते. पट्टीची कड काळी दिसली की काढा, खालची कातडी ओल्या कापसानं पुसा, पुन्हा थोडं क्रीम आणि कोरडी पट्टी लावा.

पट्टी बोटाएवढी जाड वळा आणि केसांच्या रेषेखाली, कातडीवर बसवा. केसांवर आली तर मुळाशी लावलेला डायच शोषून घेते. व्हॅसलीनचंही तसंच: रेषेपासून किंचित खाली लावा, कारण केसाला लागलं की तिथे रंग नीट चढत नाही, कानशिलावरचे पांढरे केस तसेच राहतात. कानाच्या मागच्या घडीत मात्र भरपूर लावा.

मानेचे ओघळ बहुधा लोंबत्या बटांचे असतात. मागचे केस सैल वर घेऊन प्लास्टिकच्या क्लिपांनी अडकवा. धातूच्या क्लिपा डायमध्ये नकोत.